निकालाचा गोषवारा

हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाच्या एका निकालाचा यथोचित गौरव व्हायलाच हवा. घरमालक-भाडेकरू वादातला हा निकाल 2017 साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. त्याची भाषा न्यायमूर्तींनाही उलगडेना, तेव्हा त्यांनी तो रद्द करून प्रकरण परत धाडले. मालक, भाडेकरू आणि न्यायमूर्ती एकाच पातळीवर! कायद्यापुढील समानता ती हीच.

तरीही काही हट्टी वकील पक्षकाराला गोषवारा लिहून देतात. ते थेट शेवटच्या पानावर जातात, जिथे प्रत्यक्ष आदेश असतो. घर सोडायचे का? कधीपर्यंत? थकबाकी किती? अपिलाची मुदत कधी संपते? चार ओळींत काम तमाम. मधल्या पानांवर दोन्ही बाजूंचे युक्तिवाद आणि जुन्या निवाड्यांचे लांबलचक उतारे, आणि त्यांना एकही ओळ नाही. केवढा हा अवमान! शिवाय आदेश कळला, तर माणूस तो पाळण्याचा धोका असतोच.

2021 साली त्याच उच्च न्यायालयाचा आणखी एक निकाल सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. तो वाचून खंडपीठाला टायगर बाम आठवला. तेव्हा नक्कल विभागाने प्रमाणित प्रतीसोबत बामची डबी द्यावी. पक्षकाराने ती कपाळाला चोळत बसावे. अपिलाची मुदत तेवढ्यात संपेल, आणि गोषवारा एका मुद्द्यावर येईल : घर खाली करा.