मोघम मालक

कोथरूडचा फ्लॅट भाड्याने देऊन मुलाकडे परगावी राहायला गेलेल्या घरमालकांत एक जात हमखास आढळते. तिला मोघम मालक म्हणावे. हा गृहस्थ दुधाचे खाडे कॅलेंडरवर फुल्या मारून जपतो, पण भाच्याला पत्र देताना मात्र 'भाडे व इतर सर्व बाबी तू पाहाव्यास' एवढ्यावर थांबतो. याला तो विश्वास म्हणतो. प्रत्यक्षात 'इतर सर्व'चा अर्थ बिल आल्यावर ठरतो, आणि ठरवणारा मामाच असतो. समजा, बाथरूमचे पाणी खालच्यांच्या छतात उतरले. प्लंबर म्हणतो, सांधे भरून घ्या, पंधराशे. नाहीतर फरशी फोडून पाइप बदला, 28,000. भाच्याने फोडले तर 'सांधे भरून भागलं असतं', आणि सांधे भरल्यावर पुन्हा गळले तर 'एवढंही कळू नये?' दोन्हीकडून पोर हरतेच. तेच पत्रात लिहिले असते की 5,000 पर्यंतची दुरुस्ती न विचारता करावी, त्यापुढे दोन कोटेशने पाठवून माझा लेखी होकार घ्यावा, मोबाइलवरचा चालेल, तर हरण्याचा हक्क मामाकडे गेला असता. शिवाय भाड्याच्या पावतीवर 'मालकाकरिता' लिहून सही करावी, डिपॉझिटला हात लावू नये, भाडे कमी करू नये, नवा करार करू नये. ही शेवटची अट तर कायद्याच्याही सोयीची; लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवावा लागतो आणि त्यावर मालकातर्फे सही करायला साधे पत्र पुरत नाही, कुलमुखत्यारपत्र लागते.

यावर मोघम मालकाचा सवाल तयार असतो: रात्री दोनला पाइप फुटला तर पोराने कोटेशने गोळा करत हिंडायचे? नाही. 1872 च्या करार कायद्याचे कलम 189 आणीबाणीत प्रतिनिधीला मालकाचे नुकसान टाळण्यापुरती मोकळीक देते. शहाणा माणूस स्वतःच्या घरी जे करील ते त्याने करावे. म्हणजे कॉक बंद करून प्लंबरला उठवावे. इटालियन टाइल्स पसंत करणे त्यात बसत नाही. दुसरा आक्षेप अधिक हळवा असतो: 'घरच्या माणसाशी कागद कसला?' पण भाचा घरचा असला तरी भाडेकरू घरचा नाही, आणि पत्राचा खरा वाचक तोच. पैसे कोणाच्या हाती द्यायचे, हे त्याला त्यातूनच कळते. हीच गोष्ट अधिकार काढून घेतानाही लागू. मामा रुसला, दिवाळीला फोन केला नाही, मनातल्या मनात भाच्याला बडतर्फ केले, तरी भाडेकरूला ते कळेपर्यंत भाच्याच्या हाती दिलेले भाडे मालकाला पोचलेच समजायचे. त्याच कायद्याचे कलम 208 तसे सांगते. अबोला म्हणजे नोटीस नव्हे. मग मोघम मालक नाइलाजाने भाडेकरूला पत्र लिहितो, आणि त्यात तारीख, भाच्याचे पूर्ण नाव, फ्लॅट नंबर, कोणत्या महिन्यापासून, सगळे अगदी बिनचूक असते.