नुक्त्याचे काय, कान्याचे बघा

रात्री साडेदहानंतर डेस्कवर येणाऱ्या मराठी बातम्यांत अक्षरांच्या पायाशी ठिपके दिसू लागतात. ज़मीन, फ़रार, क़ैदी, ख़बर. बातमीदार मराठी शाळेत शिकलेला असतो, त्याच्या सात पिढ्यांत कुणी हा ठिपका काढलेला नसतो, तरी तो बातमीत येतो. दिल्लीहून आलेला हिंदी मजकूर घाईघाईने मराठी करताना क्रियापदे बदलली जातात आणि नामे तशीच राहून जातात. नाहीतर मोबाइलचा कळफलक हिंदीवर राहिलेला असतो आणि तो आपणहून, न विचारता, मदतीला धावून येतो.

या ठिपक्याला नुक्ता म्हणतात. नवा उपसंपादक तो पाहून बिचकतो. खोडावा तर उर्दूचा अपमान, ठेवावा तर मराठीचा. एखादा उत्साही गडी तर ठिपके सढळ हाताने वाटतो. 'मज़बूत'ला ठिपका आहे, मग 'मजबूर'ने काय घोडे मारले? पण 'मजबूर'ला ठिपका नसतोच. उर्दूत 'मजबूत'मधला ज झाद या अक्षराचा आणि 'मजबूर'मधला साध्या जीमचा. म्हणजे नुक्ता बरोबर द्यायचा तर आधी अरबी-फारसीचे अक्षरज्ञान हवे, आणि पान सुटायला पंचवीस मिनिटे उरलेली असताना ते कुठून आणायचे?

सुदैवाने त्याची गरज नाही. उर्दूत या एका उच्चारासाठी चार अक्षरे आहेत. जमीन झे या अक्षराने लिहितात, जामीन झादने, जाहीर झोयने आणि 'जरा थांब' मधला जरा झालने. हिंदीने त्या चौघांना मिळून एक ठिपका दिला. मराठीने तोही दिला नाही, कारण आपल्या ज ला आधीपासूनच दोन आवाज आहेत, एक 'जीवन'मधला आणि दुसरा 'जाळे'मधला. मराठी माणूस 'जमीन' वाचताना न सांगता 'जाळे'चा ज लावतो. पेशवे दफ्तरातले मोडी लिहिणारे कारकून हजारो फारसी शब्द याच भरवशावर, पायाशी ठिपका न ठेवता, लिहून गेले. प्रमाण मराठीतही नुक्त्याला जागा नाही. तेव्हा जमीन, फरार, कैदी, खबर असे लिहावे आणि पुढे जावे.

पण पुढे जाण्याचीही एक रीत असते. घाईतला माणूस काय करतो, तर 'शोधा आणि बदला'च्या चौकटीत नुसता ठिपका टाकतो, 'बदला'ची चौकट रिकामी ठेवतो आणि सगळे ठिपके एका फटक्यात उडवतो. बातमी स्वच्छ दिसू लागते. मग दुसऱ्या परिच्छेदात 'शेतकर्यांना' भेटतात. 'दुसर्या दिवशी', 'कर्मचार्यांचा' आणि 'वार्यामुळे'ही भेटतात.

झाले असे, की मराठीत नुक्ता नाही असे आपण म्हणतो, पण संगणकाच्या पोटात तो आहे. 'शेतकऱ्यां'मधला अर्धा र, ज्याचे रूप आडव्या लवलवत्या रेघेचे असते, तो युनिकोडमध्ये ऱ या अक्षरापासून बनतो. हे अक्षर दोन तऱ्हांनी साठवता येते:

```
ऱ  =  U+0931
ऱ  =  U+0930 U+093C   (र + नुक्ता)
```

पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. मजकूर दुसऱ्या प्रकारे साठवलेला असेल आणि तुम्ही U+093C सरसकट काढून टाकला, तर ऱ चा र होतो आणि आडवी रेघ उडी मारून य च्या डोक्यावर रफार होऊन बसते. 'दऱ्या'चे मग 'दर्या' होते. दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या, आणि दर्या म्हणजे समुद्र, तो शब्द शुद्ध फारसी. नुक्ता काढून बातमी मराठी करायला निघालेल्या माणसाने सह्याद्रीत एक नवा फारसी शब्द आणून सोडलेला असतो. उलट आत्ताच वापरलेला 'तऱ्हा' हा शब्द मूळचा अरबी, आणि तो मराठीत नीट उमटायला हा पोटातला नुक्ता लागतो!

म्हणून ठिपका एकटा कधी शोधू नये. ज़, फ़, क़, ख़, ग़, ड़, ढ़ अशी अक्षरे एकेक करून, ठिपक्यासकट शोधावीत आणि बिनठिपक्याची घालावीत. त्यातही ज़ ला U+095B असा स्वतंत्र क्रमांक आहे आणि ज अधिक नुक्ता असेही ते लिहिता येते. काही प्रणालींत एक रूप शोधले की दुसरे सापडत नाही. म्हणून दोन्ही शोधावीत, आणि शेवटी 'र्य' आणि 'र्ह' शोधून पाहावेत. सूर्य, कार्य, आचार्य, धैर्य एवढेच सापडले तर सुटलो. शेतकरी सापडले तर मागे फिरा.

आता तुम्ही म्हणाल, सगळीकडे ज लिहायचा तर 'गझल'मध्ये झ कसा? प्रश्न रास्त आहे. मराठीत आधी आलेल्यांना ज मिळाला आणि उशिरा आलेल्यांना झ. जमीन, बाजार, हजार, नजर, मर्जी ही मंडळी शेकडो वर्षांपूर्वी आली, त्यांना ज. पुढे वर्तमानपत्रांत नावे येऊ लागली, अझरुद्दीन, नवाझ, परवेझ, झिया. ती मूळ उच्चाराजवळ ठेवायची म्हणून त्यांना झ. मधल्या काळातले शब्द अजून तळ्यात-मळ्यात करतात. माधव ज्यूलियनांनी 1933 साली आपल्या संग्रहाचे नाव 'गज्जलांजलि' ठेवले, आणि सुरेश भटांच्या काळापर्यंत तिची गझल झाली होती. डेस्कवर यासाठी एकच नियम पुरतो. 'गझल'सारखे झ ने रूढ झालेले सोडले तर सामान्य शब्दाला ज, माणसाच्या नावाला तो माणूस किंवा आपली शैलीपुस्तिका लिहील ते.

या नियमाची परीक्षा पाहायला 2024 च्या जूनमध्ये ओडिशात मोहन चरण माझी मुख्यमंत्री झाले. 'माजी' हा अरबी शब्द, अर्थ होऊन गेलेला. घाईत पुष्कळ जण त्याला 'माझी' लिहितात, आणि चाणाक्ष उपसंपादकांनी 'माझी मुख्यमंत्री'चे 'माजी मुख्यमंत्री' करायची सवय बोटांना लावून घेतलेली असते. आता बातमी येते, 'माझी मुख्यमंत्री झाल्यापासून माझी मुख्यमंत्री नवीन पटनाईक विरोधी बाकांवर आहेत.' यातला पहिला माझी बरोबर आहे आणि दुसरा चूक. सरसकट बदल केला, तर शपथ घेतलेला मुख्यमंत्री आपण बसल्या जागी पायउतार करतो. इथे कुठलीही युक्ती चालत नाही, वाक्य वाचावेच लागते.

एवढी तयारी झाल्यावर एक नमुना घेऊ. न्यायालयाची बातमी, वेळ अकरा वाजून दहा मिनिटे, मजकूर असा: 'गरीब शेतकऱ्याच्या ज़मीनीवर बेकायदा कब्ज़ा करणाऱ्या माझी सरपंचाला न्यायालयाने पंधरा हज़ाराच्या जातमुचलक्यावर ज़मीन मंज़ूर केली. आरोपीची जामीनावर सुटका होताच फिर्यादीच्या वकीलांनी नाराज़ी व्यक्त केली.'

ठिपके काढा. नजर तिथेच गेलेली असते, त्यामुळे काढून झाल्यावर काम संपल्यासारखे वाटते. आता उरलेले वाचा. न्यायालयाने आरोपीला 'जमीन मंजूर केली'. ज्याने गरिबाची जमीन बळकावली, त्याला ती पंधरा हजारांत, वर न्यायालयाच्या मोहोरेसह! एक काना गळला आणि खटल्याचा निकालच लागला. शुद्धलेखन तपासणारी प्रणाली इथे गप्प बसते, कारण 'जमीन' हा शब्द अचूक आहे. बातमीदाराने व्याकरणही इमानाने सांभाळले आहे, जमीन स्त्रीलिंगी म्हणून 'मंजूर केली'. म्हणजे शब्दासोबत क्रियापदही फिरवायचे: 'जामीन मंजूर केला'.

मग 'माझी'चे 'माजी' करा, कारण या सरपंचाचे आडनाव माझी नाही. आणि मग येते खरे काम: 'जमीनीवर', 'जामीनावर', 'वकीलांनी'. या तिन्हींत नुक्ता नाही, तिन्ही चूक आहेत. बरोबर रूपे जमिनीवर, जामिनावर, वकिलांनी. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांनुसार (चौदा नियम 1962 चे, चारांची भर 1972 ची) अकारान्त शब्दात शेवटच्या अक्षराआधीचा ई-ऊ दीर्घ लिहायचा, आणि विभक्ती प्रत्यय लागायच्या वेळी तो ऱ्हस्व करायचा. गरीब, पण गरिबाला. वकील, पण वकिलाला. मंजूर-मंजुरी, कबूल-कबुली, वसूल-वसुली यांतही तेच वळण. हिंदीत मंज़ूरी आणि वसूली चालते, म्हणून तिकडून आलेल्या मजकुरात ऊकार लांबच्या लांब राहतात. 'तारीख' तर आपली ई पार सोडूनच देते आणि 'तारखेला' हजर होते, जशी 'बेरीज' 'बेरजेला' जाते.

या नियमाला अपवाद आहे तो संस्कृत शब्दांचा. शरीर-शरीराला, जीव-जीवाला. संस्कृत शब्द मराठीत जावयासारखा राहतो. त्याचा ई जिथे बसला तिथून कुणी त्याला ऊठ म्हणत नाही. गरीब, वकील, जामीन ही मात्र अरबस्तानातून आली आणि घरच्या मुलांसारखी सांगितले काम करतात, प्रत्यय आला की मुकाट्याने ऱ्हस्व होतात. नियम समजावून सांगतानाही मंडळींनी उदाहरणे घेतली ती खीर, वीट, सून यांच्या पंक्तीत गरीब, वकील, वसूल. मराठी कोण याचा निवाडा इतका सरळ दुसरीकडे झालेला नसेल.

तरी दोन प्रकारचे वाचक दुसऱ्या दिवशी तक्रार करतातच. एकाला गझलेचे नुक्ते हवे असतात, दुसऱ्याला हे परके शब्दच नको असतात. दुसऱ्याला सावरकरांनी रूढ केलेला 'दिनांक' हवा असतो. त्याचीही सोय आमच्याकडे येणारी सरकारी पत्रके करतात: 'दिनांक 12 तारखेला सभा होईल.' दोन्ही पक्ष एका ओळीत नांदतात, आणि उपसंपादक त्यातला एक कापतो. बहुतेक वेळा 'दिनांक', कारण तारखेला प्रत्यय लागलेला असतो आणि तो सोडवायला वेळ नसतो.

तेव्हा वेळ कमी असेल तर क्रम उलटा ठेवावा. आधी काने पाहावेत, मग माजी-माझी, मग प्रत्ययाआधीचे ई-ऊ, आणि नुक्ते सर्वांत शेवटी. नुक्ता चुकून छापला गेला तर एखाद्या वाचकाचे पत्र येते. काना गळला तर आरोपीला जमीन मिळते, आणि ती परत घ्यायला वकिलाकडे जावे लागते. खुलासा छापताना तेवढे 'वकीलाकडे' लिहू नका.