बेडूक, बारा मासे आणि मी

गाणं ओळखायचं असेल तर कुणालाही काही विचारायचं नाही, असा आमच्या घराण्याचा दंडक आहे. या घराण्यात मी एकटाच आहे. तानसेन होणं जमलं नाही म्हणून मी कानसेन झालो, आणि गाणाऱ्याइतकेच कानसेनालाही श्रोते लागतात. रेडिओवर सुरुवातीचा सतारीचा तुकडा वाजला की मी सिनेमा, संगीतकार आणि साल सांगतो आणि चहाचा कप बशीत ठेवतो. कप ठेवणं महत्त्वाचं. त्यानं साल खरं वाटतं.

तर काठगोदामहून अल्मोड्याला जाताना कैंचीच्या अलीकडे आमची गाडी अडकली. मे महिन्यात कैंचीला गाडी अडकणं ही काही बातमी नव्हे. पण आमच्या पुढेच एका वरातीची बस अडकली होती, आणि कंटाळून खाली उतरलेल्या वाजंत्र्यांनी तिथेच सुरुवात केली. ढोल, दमाऊ आणि मशकबीन. मशकबीन म्हणजे स्कॉटिश पलटणींची बॅगपाइपच. लष्कराच्या वाटेनं ती कुमाऊंत आली आणि तिथल्या लग्नांत अशी रुळली, की तिच्यावाचून वरात निघाली तर कुणाचं तरी काहीतरी बिनसलं असावं असं वाटतं.

बसच्या खिडक्यांतून चारपाच बायका वाजंत्र्यांच्या सुरात सूर मिसळून गाऊ लागल्या. भाषा कुमाऊनी. मला कुमाऊनीचा एकच शब्द येत होता, तो म्हणजे दाज्यू, थोरला भाऊ. तोही बायकोनं ड्रायव्हरला हाक मारायला आधीच वापरून टाकला होता.

"दाज्यूंना विचारा ना कुठलं गाणं ते," ती म्हणाली.

"विचारलं तर ओळखलं कसं म्हणायचं?"

तिनं मोबाइल काढला. रेंज नव्हती. असती तरी उपयोग नव्हता, हे मी तिला समजावून सांगितलं. ते ॲप गाणं ओळखत नाही, ध्वनिमुद्रण ओळखतं. साठवून ठेवलेल्या ठशाशी ठसा जुळला तर ठीक. खिडकीतून गाणाऱ्या काकूंचा ठसा त्यांच्याकडे कुठून असणार? हे मी बऱ्याच विस्तारानं सांगितलं. तेवढ्यात एक कडवं होऊन गेलं.

सुरुवात मी चालीपासून केली. कान टवकारून म्हणालो, "दुर्गा!" गंधार नाही, निषाद नाही, मग दुसरं काय असणार? पण डोंगरातल्या कितीतरी चाली पाचच सुरांत फिरतात, तेव्हा दुर्गा म्हणून मी काही फारसं सांगितलं नव्हतं. त्यात मशकबीनची एक मोठी अडचण असते. पिशवीतली हवा अखंड वाहते, म्हणून हे वाद्य श्वास घ्यायला थांबत नाही. दोन सुरांमध्ये, दोन ओळींमध्ये शांतता अशी नसतेच. ओळ कुठे संपली आणि कुठे सुरू झाली हे त्यावरून कळत नाही, आणि ओळ कळली नाही तर गाण्याचा मुखडा सापडत नाही. चाल कितीही स्पष्ट ऐकू आली तरी ते सगळं एकच लांबलचक सूत. म्हणून बायकांच्या आवाजाकडे वळणं भाग होतं. त्या श्वास घेत होत्या.

प्रत्येक ओळीच्या शेपटाला 'नरैणा' असं काहीसं येत होतं. हे पहिल्यांदा कळतं आणि सर्वांत कमी उपयोगी पडतं. ओळीच्या शेवटी येणारी साद गाण्याची नसते, गाणाऱ्यांची असते. आपल्याकडच्या 'गं बाई'वरून कुठलं गाणं ओळखणार? ओळखायचं असेल तर मधले, एकदाच येऊन जाणारे शब्द पकडावे लागतात, आणि नेमक्या त्याच वेळी मागचा ट्रक हॉर्न वाजवतो.

"बेडूक म्हणतायत," बायको म्हणाली.

"बेडूक नाही, बेडू."

"आणि आता बारा मासे."

मलाही तेच ऐकू आलं होतं. लग्नाच्या वरातीत बेडूक आणि बारा मासे! क्षणभर आम्ही दोघंही, हे डोंगरी लोकांचं एखादं जलचरगीत असावं, असं मानून गप्प बसलो.

इथे मला पक्ष्यांबद्दल बोलायलाच हवं. (बायको म्हणते, नको. पण लेख माझा आहे.) आपल्याकडचा पावशा 'पेरते व्हा' म्हणतो हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. तोच पक्षी हिंदी मुलखात गेला की 'पी कहाँ' विचारतो, म्हणजे पेरणी सोडून विरहात पडतो. त्याच्याच भाऊबंदांतली एक चार सुरांची कोकिळा आहे. उन्हाळ्यात हिमालयाच्या पायथ्याशी दिवसभर ओरडते. बंगाल्याला ती 'बौ कथा कओ' म्हणताना ऐकू येते, म्हणजे 'सूनबाई, बोल की गं'. इंग्रजांना तिच्या तोंडून 'वन मोअर बॉटल' ऐकू आलं. चार सूर तेच, पण बंगाल्याला घरातला अबोला ऐकू येतो आणि साहेबाला संपत आलेली बाटली. शेतकऱ्याला तर बी-बियाण्याचीच काळजी. न कळणाऱ्या भाषेतलं गाणंही कानाला असंच फसवतं. कान रिकामा राहत नाही, जवळ असतील ते शब्द भरून घेतो. म्हणून माझा एक नियम आहे. परक्या गाण्यात जो शब्द चटकन मराठी वाटेल, तो बाजूला ठेवायचा आणि त्याच्या शेजारचा धरायचा.

शेजारचा शब्द होता 'काफल'. तो मला मराठीत कशासारखाच वाटला नाही, म्हणून भरवशाचा. शिवाय तो समोरच दिसत होता. रस्त्याच्या कडेला एक पोरगा टोपलीत लाल, खडबडीत बोरांएवढी फळं घेऊन बसला होता आणि 'काफल, काफल' ओरडत होता. पाठोपाठ 'चैत' ऐकू आला. इथे मात्र मराठी कामाला आली: चैत म्हणजे चैत्र. चैत्र असेल तर शेजारचे बारा मासे पाण्यातले नाहीत, पंचांगातले आहेत. बारा महिने. एक फळ चैत्रात पिकतं, म्हणजे दुसरं बारमाही पिकत असणार, आणि ते दुसरं फळ म्हणजे माझ्या बायकोचा बेडूक. (रानअंजिराला तिकडे बेडू म्हणतात.)

मी सरसावून बसलो, पण अजून कप खाली ठेवायची वेळ नव्हती. काफल कुमाऊंत कुठेही येऊ शकतो. ती चार सुरांची कोकिळासुद्धा तिथे 'काफल पाको' म्हणते, काफल पिकलं. तेवढ्यावर गाणं ठरवणं म्हणजे 'चांदोबा' ऐकून अंगाई ठरवण्यासारखं.

मी फळांकडे बघतोय हे पाहून ड्रायव्हरनं त्या पक्ष्याची गोष्ट सांगितली. एका गरीब बाईनं टोपलीभर काफल तोडून आणले, लेकीला राखणीला बसवलं आणि खायचे नाहीत असं बजावून कामाला गेली. दुपारच्या उन्हानं फळं सुकून बसली, टोपली कमी भरलेली दिसू लागली. आईला वाटलं, पोरीनं खाल्ले. तिनं मारलं आणि पोर गेली. संध्याकाळी पाऊस आला, फळं फुगली, टोपली पुन्हा काठोकाठ भरली. आईनंही जीव सोडला. ती पोर पक्षी झाली आणि तेव्हापासून सांगत फिरते की काफल पिकले, मी चाखले नाहीत.

ड्रायव्हर हे आरशात बघत, गियरवर हात ठेवून सांगत होता, लहानपणी ऐकलेल्याच चालीत. काफल खरंच टिकत नाही. मोठी बी, वर पातळसा गर, आणि तोडल्यावर एकदोन दिवसांचा खेळ. कुणीतरी अशा टोपलीकडे उन्हात बसून फार वेळ पाहिलेलं असणार. बायकोनं उतरून त्या पोराकडून मीठ लावलेले काफल घेतले, किती घेतले ते पाहिलं नाही, आणि पैसे देऊन बाकीचे परत घेतले नाहीत. आम्ही कुणी काही बोललो नाही. वरात मात्र वाजतच होती. मशकबीनला थांबता येत नाही हे वर सांगितलंच आहे.

मग पुढच्या कडव्यात 'अल्मोडा' आणि 'नंदादेवी' हे दोन शब्द आले, आणि काम झालं. जागर रात्री हुडक्यावर लावतात, त्यात देवता अंगात येते. हे तसं नव्हतं. न्योली रानात एकट्यानं गायची, संथ, दर्दभरी. इथे तर नवरदेवाचे मामा नाचत होते. लग्नघरातले शकुनाखर बायका विधीच्या सुरुवातीला म्हणतात, रस्त्यात नव्हे. मग बारमाही बेडू, चैतातले काफल, अल्मोड्याची नंदादेवी आणि ओळीअखेरचा नारायण ज्यात एकत्र येतात असं, मी फक्त वाचलेलं, कधीच न ऐकलेलं एक गाणं उरलं. 'बेडू पाको'. कुमाऊं रेजिमेंटचा बँडही ते वाजवतो.

"बेडू पाको!" मी म्हणालो. "शब्द ब्रिजेंद्रलाल शाह. चाल मोहन उप्रेती, अल्मोड्याचे. 1952 साली नैनितालच्या सरकारी कॉलेजात पहिल्यांदा गायलं गेलं." हातात कप नव्हता, म्हणून काफलाचा द्रोण डॅशबोर्डवर ठेवला.

"नाही सर," ड्रायव्हर म्हणाला. "हे आमचं जुनं लोकगीत आहे. कुणी लिहिलेलं नाही."

इथे मला खरंच राग येतो. गाणं इतकं चांगलं झालं की लोकांनी ते आपलंच केलं, हे कवीचं भाग्य म्हणायचं, म्हणतातही. पण मग कॅसेटवर, कार्यक्रमपत्रिकेवर, हॉटेलातल्या 'पहाडी संध्ये'च्या फलकावर त्याच्या नावाच्या जागी 'पारंपरिक' छापतात. पारंपरिक म्हणजे ज्याचं मानधन द्यायचं राहून गेलं ते. उप्रेतींनी दिल्लीत 1968 मध्ये पर्वतीय कला केंद्र काढलं, त्यांचं नाव निदान जाणकारांत घेतलं जातं. शाहांचं नाव त्यांच्याच मुलखातल्या माणसाला सांगायची पाळी पुण्याच्या प्रवाशावर यावी? हे मी दाज्यूला तळमळून सांगितलं. त्यातली थोडी तळमळ शाहांसाठी होती. उरलेली, मी ओळखलं याची कुणी दखल घेतली नाही यासाठी.

एवढ्यात बायको वरातीच्या बसकडे जाऊन आली. खिडकीतल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईंशी तिची ओळखही झाली होती.

"बेडू पाकोच आहे," ती म्हणाली. "मी विचारलं."

"मी आधी ओळखलं."

"आणि त्या म्हणतात, हे त्यांच्या आजीचं गाणं. त्यांना पाळण्यात घालून ती म्हणायची."

"वय काय त्यांचं?"

"सत्तरीच्या पुढे असतील."

मी हिशेब केला. बाई पाळण्यात होत्या तेव्हा गाणंही पाळण्यातच होतं. नैनितालच्या कॉलेजातून ते त्यांच्या आजीच्या तोंडी पोचायला फार तर एखाद-दुसरं वर्ष मिळालं असणार. मी हे सगळं बायकोला सालांसकट पटवून दिलं.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "जा, सांगून या त्यांना. बस अजून हललेली नाही."

मी काच वर केली आणि दाज्यूला विचारलं, अल्मोडा अजून किती लांब आहे.