खोक्याचे 90 रुपये

आमच्या चौकातले मिठाईवाले शेठ,

दिवाळीच्या आधी तुमच्याकडून एक किलो काजूकतली घेतली, 900 रुपये किलोने. घरी वड्या ताटात काढल्या आणि रिकामा खोका काट्यावर ठेवला. भरला 100 ग्रॅम. म्हणजे कतली 900 ग्रॅमच होती आणि पुठ्ठा तुम्ही मला काजूच्या भावाने 90 रुपयांना विकलात. दुसऱ्या दिवशी विचारायला आले, तर तुम्ही हसून म्हणालात, "मॅडम, सगळेच असं मोजतात." त्या हसण्याचा मला अजून राग आहे.

मी नववीला शिकवते. ग्राहक हक्कांच्या वर्कशीटमध्ये तुमचं प्रकरण तिसरं घातलं, दुकानाचं नाव न घालता. छापील किमतीपेक्षा जास्त घेतलेली पाण्याची बाटली आणि बिल न देणारा मोबाइलवाला ही पहिली दोन प्रकरणं मुलांनी झटक्यात सोडवली. तुमच्यावर मात्र अर्धा तास वाद झाला. एक मुलगी म्हणाली, निवडीचा हक्क डावलला. दुसरीने तिला अडवलं: निवड बाईंनी स्वतःच केली होती, पैसे किती ग्रॅमचे घेतले हे मात्र त्यांना कळू दिलं नाही. तिचंच बरोबर होतं. मालाचं प्रमाण आणि किंमत कळण्याचा हक्क 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिला आहे, आणि तुम्ही मोडलात तो माहितीचा हक्क. मोजायचा असतो तो निव्वळ माल, खोक्यासकट नव्हे.

मग मुलांनी विचारलं, "बाई, आता तुम्ही काय करणार?" इथे माझी चूक मला त्यांना सांगावी लागली. कतली काढून झाल्यावर घरच्या काट्यावरचं वजन हा फार कच्चा पुरावा. दुकानातच रिकामा खोका काट्यावर ठेवायला लावून आकड्याचा फोटो घ्यायला हवा होता. बिल तेवढं जपून ठेवलंय. त्यावर "1 किलो" लिहिलंय, खोक्याचा उल्लेख नाही.

वैध मापन शास्त्र विभागाकडे मी तक्रार केली आहे. निरीक्षक स्वतः येऊन तुमचं वजन तपासू शकतात, काट्यावरचा पडताळणीचा शिक्काही बघू शकतात. पण त्यांनी केलेला दंड सरकारजमा होतो, माझे 90 रुपये त्यातून परत मिळत नाहीत. त्यासाठी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे तडजोड होते, सक्ती होत नाही. तुम्ही दाद दिली नाहीत, तर जिल्हा आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे.

परवा तुमच्या दुकानावरून गेले. पेढे अजून खोक्यासकटच तोलले जात होते. तुमच्या काट्याला वजन शून्यावर आणायचं बटण आहे. आधी रिकामा खोका ठेवून ते दाबा आणि मग पेढे भरा.

तुमच्या दुकानाची गिऱ्हाईक