एकोणपन्नास रुपयांची गाळणी

परवा चहाची गाळणी मागवायला एका ऑनलाइन दुकानात शिरलो. किंमत ४९ रुपये, वर्णन चांगलं सव्वातीनशे शब्दांचं. सुरुवात चहाच्या सांस्कृतिक महत्त्वापासून, मधे 'आधुनिक गृहिणीची सखी', शेवटी आभार. मला हवं होतं एवढंच, की व्यास किती आणि जाळी स्टीलची की नायलॉनची. ते सापडेपर्यंत चहा उतू गेला.

लोकलमधल्या फेरीवाल्याला थोडक्यात बोलणं शिकवावं लागत नाही. वीस रुपयांची वस्तू त्याला दोन स्टेशनांच्या मधे खपवायची असते. काय आहे, केवढ्याला आहे, घ्या हातात, बघा. याहून जास्त बोलला तर गिऱ्हाईक विचार करू लागतं, आणि विचार करणारं गिऱ्हाईक दादरला उतरतं.

त्याच दुकानात ३८ हजारांचं कपाट. वर्णन: 'आकर्षक लूक, प्रीमियम दर्जा.' अहो, इथे लिहा की पानभर! प्लायवूड की पार्टिकल बोर्ड? वॉरंटीत बिजागऱ्या धरल्यात का? उंची, रुंदी, खोली किती? सुटं येतं की जोडलेलं? एवढे पैसे घालताना माणूस रात्री बायकोला दाखवतो, सकाळी भावाला फोन करतो, आणि प्रत्येकाची शंका वेगळी निघते. तिला वर्णनात ओळ नसली, तर उत्तर मिळतं ते वस्तू दारात आल्यावर.

मला जिन्यात मिळालं. कपाट जोडलेलंच आलं आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकलं. गाळणी मात्र सुरेख आहे.