मजकूरवाले मास्तर

तालुक्याच्या गावात एखाद वेळ डॉक्टर जागेवर नसेल, पण मजकूर लिहून देणारा माणूस असतोच. षष्ट्यब्दीचं मानपत्र, दशक्रियेची जाहिरात, वाढदिवसाचा फलक, सरपंचांच्या अभिनंदनाचा ठराव, सगळं त्याच्या हातून जातं. आमच्या गावात हे खातं मास्तरांकडे आहे. हायस्कूलमधून मराठीचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पैसे घेत नाहीत. चहा घेतात, आणि खाली उजव्या कोपऱ्यात 'शब्दांकन' म्हणून स्वतःचं नाव घेतात. ते मात्र चुकवायचं नाही.

मास्तरांकडे एक लांबट वही आहे, किराणा दुकानात उधारीला असते तसली. तिच्यात विशेषणं लिहिलेली आहेत. शिक्षकांसाठी पानं वेगळी, सहकारासाठी वेगळी, महिलांसाठी वेगळी. नाव बदलायचं, गाव बदलायचं, की मानपत्र तयार. एकदा एस.टी.च्या चालकाच्या निरोपाला 'खडू-फळ्याशी जडलेले अतूट नाते' वाचलं गेलं, पण टाळ्या नेहमीइतक्याच पडल्या. मानपत्र कुणी ऐकत नाही, हे मास्तरांना पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच त्यांचा हात इतका सढळ आहे.

आमच्या ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टरांना परिचारिका दिनाला, म्हणजे १२ मे रोजी, जिल्ह्याच्या ठिकाणी सन्मानपत्र मिळालं. त्याच महिन्यात त्या अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणार होत्या. आम्ही वर्गणी काढली, सन्मानपत्र फ्रेम करायचं ठरवलं आणि खाली पितळी पट्टीवर आपल्यातर्फे दोन ओळी कोरून घ्यायच्या असं ठरलं. मी पडलो तिथला कारकून, त्यामुळे मास्तरांकडे जाण्याचं काम माझ्याकडे आलं.

मास्तरांनी वही उघडली. महिला, मग सेवा, मग संकीर्ण, अशी तीन पानं त्यांनी एकत्र केली आणि पाऊण तासात कागद माझ्या हातात दिला. त्यात त्यागमूर्ती होती, सेवाव्रती होती, ममतेचा अथांग सागर होता, चंदनासारखं झिजणं होतं, आणि अर्थातच हाती दीप घेतलेली देवी होती. दिव्याचं एक सांगायला हवं. नाइटिंगेलबाईंचा म्हणून सन्मानपत्रांवर जो समईच्या घाटाचा, चोचीचा दिवा छापतात, तसा त्यांच्या हातात नव्हताच. स्कुतारीच्या इस्पितळात तुर्की पद्धतीचा घडीचा कंदील होता, आत मेणबत्ती आणि भोवती कापडाची वा कागदाची नळी. हे मी मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, "कंदील यमकात बसत नाही." गद्यात यमक कशाला, हे विचारायची सोय नव्हती.

तो कागद घेऊन मी फ्रेमवाल्याकडे गेलो. त्याने चष्मा वर सरकवला, शब्द मोजले आणि कागद परत दिला. त्याचं गणित साधं होतं. सन्मानपत्र ए-फोर आकाराचं, आडवं. भोवती दोन इंचांचा माउंट, आणि खालच्या माउंटवर आठ इंच लांब, दीड इंच उंच पट्टी. पाच-सहा फुटांवरून वाचता यायचं तर अक्षर पाव इंचाचं तरी हवं. मराठीत वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात, त्यांना जागा सोडली की तीनच ओळी बसतात, म्हणजे जेमतेम पंचवीस शब्द. मास्तरांचे चौऱ्याऐंशी होते. "एवढं कोरायचं तर पट्टी नको, दरवाजा आणा," तो म्हणाला.

फ्रेमवाल्याने आणखी दोन गोष्टी बजावल्या. मूळ सन्मानपत्र फ्रेम करू नका, रंगीत झेरॉक्स लावा, कारण भिंतीवर ऊन आलं की शाईची सही आधी उडते. आणि माउंट घालायचाच, तो शोभेसाठी नसतो. कोकणच्या पावसात काच कागदाला टेकली की कागद तिला चिकटतो आणि सोडवायला गेलं की अक्षरं काचेवर राहतात. त्याच्या दुकानात अशी एक काच आहे. तिच्यावर अर्धं नाव आणि पूर्ण शिक्का आहे.

पंचवीस शब्द म्हटल्यावर मास्तरांचा चेहरा पडला. विशेषणं गाळणं म्हणजे त्यांना घरातली भांडी विकण्याइतकं जड. शेवटी ते म्हणाले, "सिस्टरांनाच विचारू. त्या नको म्हणतील ते काढू." खरं तर ही भेटवस्तू त्यांना न सांगता द्यायची होती, पण मास्तर सायकल काढून वॉर्डच्या दारात उभेसुद्धा राहिले होते.

सिस्टरांनी कागद हातात घेतला तो औषधाचा चार्ट तपासतात तसा. आधी नाव, मग पद, मग तारखा. नावापाशीच पहिली खूण केली. "नाव वर सन्मानपत्रात आहे ना? मग खाली परत कशाला?" पदापाशी दुसरी. मास्तरांनी त्यांना 'अधिसेविका' केलं होतं. "मास्तर, अधिसेविका म्हणजे मेट्रन. मी मेट्रन झाले नाही. अधिपरिचारिका म्हणून लागले, परिसेविका म्हणून जातेय. मधली सहायक अधिसेविकासुद्धा नाही. हे असं कोरलंत तर उद्या ज्या खरोखर मेट्रन आहेत त्या येऊन बघतील." मास्तरांना वाटलं होतं, दोन पायऱ्या वर चढवलं तर राग कुणाला येईल. ज्यांनी त्या पायऱ्या चढायला वीस-पंचवीस वर्षं काढली त्यांना येतो.

'चौतीस वर्षे या रुग्णालयात अविरत' इथे तिसरी खूण. "चौतीस नोकरीची. पहिली नऊ अलिबागला, जिल्हा रुग्णालयात. आणि अविरत कसली? दोन बाळंतपणाच्या रजा घेतल्यात मी. सर्व्हिस बुकात आहेत." मग त्यांचं बोट 'त्यागमूर्ती'वर आलं. "त्याग काय केला मी? पगार घेत होते. आता पेन्शन घेणार आहे." मास्तर म्हणाले, "अहो, म्हणायची पद्धत आहे." सिस्टर म्हणाल्या, "म्हणा हो, पण पितळेवर नको."

एव्हाना कागदावर उरलं होतं ते 'सागर' आणि 'दीप'. मास्तरांनी पेनाचं टोपण लावलं. आणि मग, मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच, मानपत्र लिहिताना त्यांनी ज्याचं मानपत्र त्याला विचारलं, "सिस्टर, तुम्ही रात्री नक्की करता काय?"

आमचं गाव रायगड जिल्ह्यातलं, महाडपासून फार लांब नाही. इकडे लाल विंचू फार. भाताच्या पेंढ्यात, लाकडाच्या ढिगात, चपलेतसुद्धा. पूर्वी याच्या विषाने धडधाकट माणसं आणि विशेषतः मुलं जात असत. डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडच्या भागात काम करून प्राझोसिन हे औषध यावर लागू पडतं असं दाखवलं, आणि मृत्यू खूप कमी झाले. हे सगळ्यांना माहीत आहे. सिस्टरांनी त्यापुढचं सांगितलं. गोळी दिली म्हणजे झालं असं नसतं. विष अंगात भिनलं की घाम सुटतो, ओकाऱ्या होतात आणि हातपाय गार पडतात. दर तीन तासांनी गोळी द्यायची, ते हातपाय गरम होईपर्यंत. यंत्र नको, हाताच्या मागच्या बाजूने पेशंटचं पाऊल चाचपायचं. "आणि पेशंटला उठू द्यायचं नाही. या गोळीने रक्तदाब उतरतो. नातेवाईक चहा पाजायला त्याला बसवतात आणि तो भोवळ येऊन आडवा होतो. म्हणून पाय बघायला गेलं की चहाचा कपही बघायचा."

मास्तरांनी विचारलं, "किती वेळाने बघता?" "अर्ध्या तासाने. तीस खाटा आणि रात्री मी एकटी, त्याहून लवकर जमत नाही. पाय गरम झाले की मग आपण चहा घ्यायचा."

मास्तरांनी तिथेच, वॉर्डच्या टेबलावर, केसपेपरच्या मागे लिहिलं. पहिल्या खर्ड्यात 'रुग्णाच्या उशाशी खुर्ची न सोडणाऱ्या' असं होतं. सिस्टर म्हणाल्या, "खुर्ची कुठे आहे वॉर्डात? आणि बसले तर बाकीचे एकोणतीस कुणी बघायचे?" खुर्ची गेली. 'रुग्ण' लिहिलं होतं तिथे त्यांनी 'पेशंट' करायला लावलं, कारण त्या कधी रुग्ण म्हणाल्याच नव्हत्या. शेवटी मजकूर ठरला तो असा:

शासकीय सेवा १९८९ ते २०२३, निवृत्तीवेळी परिसेविका.
विंचवाच्या पेशंटचे पाय गरम होईपर्यंत दर अर्ध्या तासाने
हात लावून बघणाऱ्या सिस्टरांना, आम्हा सहकाऱ्यांकडून.

वहीतलं विशेषण एकही नाही. मास्तर बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. "हे कुणालाही म्हणता येणार नाही," ते म्हणाले. तक्रारीच्या सुरात म्हणाले, कारण वहीत उतरवून घ्यायचा त्यांचा विचार होता आणि हे वाक्य दुसऱ्या कुणाला वापरता येण्यासारखं नव्हतं.

पुढचा घोळ कोरणाऱ्याकडे झाला. मी मजकूर मोबाइलवर पाठवला, त्याने तो उचलून आपल्या जुन्या कोरलमध्ये चिकटवला. तिथे युनिकोड नीट बसत नाही, पहिली वेलांटी अक्षर सोडून पुढे जाते आणि जोडाक्षरं फुटतात. 'निवृत्तीवेळी', 'परिसेविका', 'विंचवाच्या', 'सिस्टरांना' या सगळ्यांची वेलांटी चुकीच्या बाजूला गेली होती. ओळखीचे शब्द असल्यामुळे डोळा सरळ वाचून जातो, चूक दिसत नाही. मास्तरांची एक सवय इथे कामी आली. ते मुद्रित शेवटच्या शब्दापासून उलटं वाचतात, एकेका शब्दावर कागदाची पट्टी सरकवत. अर्थ लागत नाही, म्हणून अक्षर दिसतं. सगळ्या वेलांट्या त्यांनी पकडल्या आणि कोरणाऱ्याला सगळा मजकूर पुन्हा श्रीलिपीत टाइप करायला लावला. पितळेवर खोडरबर चालत नाही.

फ्रेम निरोपाच्या दिवशी दिली. सिस्टरांनी आधी तारखा वाचल्या, मग मजकूर, आणि 'बरोबर आहे' म्हणाल्या. दहा-बारा भाषणं झाली, त्यांतल्या निम्म्यांत दीप आणि सागर होतेच. ते मास्तरांनी आधीच निरनिराळ्या लोकांना वाटून ठेवले होते.

'शब्दांकन' मात्र पट्टीवर बसलं नाही. कोरणारा अक्षरावर पैसे घेतो आणि वर्गणी संपली होती. मास्तर काही बोलले नाहीत. फ्रेमच्या मागच्या हार्डबोर्डवर पेन्सिलीने त्यांचं नाव आहे, तारीख आहे आणि नावाखाली दोन रेघा आहेत. ज्याला बघायचं असेल त्याने सिस्टरांच्या घरी जाऊन, त्यांना विचारून, फ्रेम खिळ्यावरून उतरवून बघावी.