हसलेले अनारसे

वहिनी,

दिवाळीच्या शुभेच्छा. मोबाइलवर लिहिलं असतं, तर तुम्ही पणतीचं चित्र पाठवून मोकळ्या झाला असतात. म्हणून पत्र.

गिरगाव सोडून डोंबिवलीला आलो. फ्लॅट ऐसपैस आहे, वारा छान येतो, नळाला दिवसभर पाणी असतं. नळावरून भांडायची सोय गेली, एवढंच. पण अनारसे म्हणजे एका घराचं काम नव्हेच, हे इथे कळतंय.

आपल्याकडे तांदूळ भिजायचे माझ्या घरी, तीन दिवस. रोज पाणी बदललं का, याची चौकशी तुम्ही गॅलरीतून करायचात, तीही नेमके पाहुणे बसलेले असताना. चौथ्या दिवशी ते उपसून पंचावर पसरायचे तुमच्या खोलीत, कारण पंखा तुमचा जोरात फिरायचा. मग दर दहा मिनिटांनी तुम्ही तांदळाची मूठ दाबून बघायचात. हाताला दमट लागायला हवेत, पण ओले नकोत. खडखडीत वाळले, तर पीठ गूळ धरत नाही. तांदूळ दळून, पीठ चाळून त्याच्या वजनाइतका किसलेला गूळ आणि चमचाभर तूप घालून गोळे डब्यात बंद केले, की तीन-चार दिवस तो डबा दोन्ही घरांतल्या मुलांपासून लपवायचा. तो कुठे आहे, हे फक्त भावोजींना ठाऊक असायचं, आणि गोळे कमी भरायचे ते त्यामुळेच.

परवा समोरच्या फ्लॅटमधली मुलगी रडवेली होऊन आली. पहिलीच दिवाळी, पहिलेच अनारसे, आणि कढईत सगळे हसले. गोळा तुपात पडतो आणि पसरून त्याचा भुगा होतो, म्हणाली. मी पीठ चिमटीत धरलं. बोटांना चिकटत होतं. गूळ जास्त. थोड्या पिठात चमचाभर कोरडी तांदळाची पिठी मळली आणि एकच तळून पाहिला. कडा तरीही सुटल्या. आणखी अर्धा चमचा घातला, आच मंद केली, मग मात्र जाळी धरली. ती उलथनं घेऊन उलटवायला निघाली, तेव्हा माझ्या तोंडून हुबेहूब तुमचाच आवाज निघाला, "हात लावू नकोस!" खसखशीची बाजू वर ठेवून झाऱ्याने वरून तूप उडवायचं आणि काढल्यावर निथळायला चाळणीत उभे ठेवायचे, हे मग जरा मऊ आवाजात सांगितलं.

"काकू, हे कुणी शिकवलं?"

"आमच्या शेजारी एक वहिनी होत्या."

'होत्या' ऐकून ती बिचारी गंभीर झाली, तिने गॅस बारीक केला. मला घाईघाईने सांगावं लागलं, की वहिनी ठणठणीत आहेत आणि अशी बोलले हे कळलं, तर आधी माझीच कानउघाडणी करतील.

डबा पाठवतेय. यातले अनारसे तिचे आहेत. जाळी बघून कळवा.